‘ओलावा’ शब्द मराठीच, पण फोनवर ‘ओला’ ऐकू येतो

काका, मी भुसावळला राहतो, नोकरी जळगाव एमआयडीसीत. आम्ही ऑफिसचे सात-आठ जण आळीपाळीने आपापल्या गाड्या काढून, पेट्रोल वाटून जातो. मी आणि मित्राने त्याचं ॲप बनवलंय. नाव ‘ओलावा’ ठरलं. माणुसकीचा ओलावा, शुद्ध मराठी शब्द. मित्र म्हणतो, ओलासारखं वाटेल. मी म्हटलं, ‘ओलावा कॅब’ नाही तर ‘ओलावा कारपूल’ करू, रंग वेगळा ठेवू. शब्दकोशातला शब्द कोणाच्या बापाचा असतो का? दुसरं नाव सुचलंय ‘अपडाऊन’. पुढच्या आठवड्यात बॅनर छापायला टाकतोय.
— एक वाचक, भुसावळ

आधी बॅनरवाल्याला फोन करून थांबवा. मग पुढचं वाचा.

शब्द कोणाच्या बापाचा नसतो, हे तुमचं खरं. पण शब्द आणि एखाद्या धंद्याची खूण म्हणून वापरलेला शब्द, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ओला’ म्हणजे आपल्याकडे भिजलेला. ओला टॉवेल, ओला दुष्काळ. टॅक्सीशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि टॅक्सीसाठी तो नाव म्हणून इतका भक्कम आहे तो त्यामुळेच. ज्या शब्दाचा मालाशी संबंध नाही, तो ऐकल्यावर गिऱ्हाईकाला एकच गोष्ट आठवते, ती कंपनी. तुमचा ‘ओलावा’ कितीही मायेचा असला तरी गाडी मागवायच्या प्रसंगी तो कानावर पडला की पहिली दोन अक्षरं आपलं काम करून जातात. ‘वा’ येईपर्यंत ऐकणारा पुढे गेलेला असतो.

यावर एक जुना निकाल आहे आणि तो तुमच्या पत्रासाठीच लिहिल्यासारखा आहे. ‘अमृतधारा’ हे औषधाचं नाव, आणि दुसऱ्याने अर्ज केला ‘लक्ष्मणधारा’ या नावासाठी. दोन्ही औषधंच. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल १९६२ सालचा. लक्ष्मणधारावाल्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखं होतं: अमृताची धारा वेगळी, लक्ष्मणाची धारा वेगळी, दोन्हींचा अर्थ स्वच्छ वेगळा. कोर्टाने सांगितलं की साधा गिऱ्हाईक नावाचे तुकडे पाडून व्युत्पत्ती बघत बसत नाही. त्याच्या डोक्यात नावाची एकूण धूसर आठवण असते, आणि त्या आठवणीला दोन्ही नावं सारखी वाटली तर ती सारखी. गंमत म्हणजे लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी तरी मिळाली, कारण ते नाव तिथे वर्षानुवर्षं चालू होतं आणि अमृतधारावाल्यांनी इतका काळ ते चालू दिलं होतं. तुमचं नाव अजून बॅनरवरही चढलेलं नाही. त्या सवलतीच्या आसपासही तुम्ही नाही.

आता ही धूसर आठवण जळगाव-भुसावळ रस्त्यावर आणून बघू. सकाळी पावणेनऊ वाजले आहेत, मागे ट्रकचे हॉर्न चालू आहेत, आणि एमआयडीसीतला तुमचा सहकारी बायकोला फोनवर सांगतोय, “आज ओलावाने येतो.” ती काय ऐकेल? “ओलाने येतो.” घाईत शेवटचा ‘वा’ गिळला जातो. ॲपचं नाव आपण व्याकरणाने चालवत नाही. पुस्तकात ‘ओलाव्याने’ असं रूप होईल, पण ॲपला कुणी ‘ओलाव्याने’ म्हणणार नाही, ‘ओलावाने’च म्हणतील. म्हणून नाव नुसतं कागदावर लिहून वाचू नका, त्याला ‘ने’, ‘ची’, ‘वर’ लावून मोठ्याने म्हणा. ‘ओलाची गाडी’ आणि ‘ओलावाची गाडी’ एकापाठोपाठ म्हणा आणि घरातल्या कुणालाही विचारा, फरक किती ऐकू आला. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ मध्ये चिन्हातले शब्द बोलून वापरले तरी ते उल्लंघन ठरू शकतं अशी तरतूद आहे, कलम २९(९). म्हणजे ‘आमचं लिहिताना वेगळं दिसतं’ हा बचाव पुरत नाही.

रोमनमध्ये तर हालत आणखी वाईट आहे. Olava. यात Ola सुरुवातीलाच, जशाच्या तसं बसलं आहे. प्ले स्टोअरमध्ये माणूस Ola टाइप करतो तेव्हा तुम्ही त्याच अक्षरांवर उभे. दोन नावं जुळतात का हे बघताना सुरुवातीच्या भागाला सहसा जास्त वजन मिळतं.

पुढे ‘कारपूल’ लावल्याने काय होतं? काही नाही. कारपूल, कॅब, राईड, गो, टॅक्सी हे शब्द त्या धंद्यातले सगळेच वापरतात. नोंदणी कार्यालयाचा परीक्षक ते बाजूला सारतो आणि उरलेला शब्द बघतो. उरतं काय, ‘ओलावा’. रंगाचंही तेच. तुम्ही निळा घ्या नाहीतर केशरी, नुसत्या शब्दाची तुलना होते तेव्हा रंग नसतोच, आणि फोनवर तर मुळीच नसतो. ‘आमचं टॅक्सी नाही, कारपूल आहे, वर्ग वेगळा’ असंही कुणी सांगेल. तेही ऐकू नका. नोंदणीसाठी माल आणि सेवा क्रमांकाच्या वर्गांत वाटलेल्या असतात: ॲप वर्ग ९ मध्ये येतं, प्रवासी वाहतुकीची सेवा वर्ग ३९ मध्ये, आणि टॅक्सीवाल्या कंपन्यांना हे दोन्ही लागतात. दोघंही माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी गाडीने नेता, दोघंही फोनवरून. शेजारच्या बांधावरच उभे आहात.

‘कॅब’ आणि ‘टॅक्सी’ हे शब्द नावात नकोत यामागे माझं आणखी एक कारण आहे आणि ते मला व्यापारचिन्हापेक्षा मोठं वाटतं. नाव टॅक्सीसारखं असलं की माणसं टॅक्सीसारखी वागतात. तुमच्यातल्या कुणाच्या तरी गाडीत हे घडलं असेलच: सहप्रवासी येतो, मागचं दार उघडून बसतो, पुढची सीट रिकामी, आणि फोनवर बोलताना म्हणतो, “हां, ड्रायव्हर आहे ना, सोडतो मला घरापर्यंत.” गाडीवाला त्याच कंपनीत अकाउंट्सला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडी काढत नाही. ॲपमधून गाडी देणारी माणसं अशीच गळतात आणि कारण कुणी बोलून दाखवत नाही.

त्यात तुमच्या गाड्या पांढऱ्या पाटीच्या. भाडं घेऊन प्रवासी न्यायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ खाली परवाना लागतो, आणि खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळलेला असतो. पेट्रोल वाटून घेणं ही वेगळी बाब आहे असं तुम्ही उद्या आरटीओपुढे किंवा विमा कंपनीपुढे मांडणार. तेव्हा तुमच्याच ॲपचं नाव ‘अमुक कॅब’ असेल तर पहिला कागद तुमच्याच विरुद्ध जातो. स्टँडवरच्या काळी-पिवळीवाल्यांचं तर बोलायलाच नको. आपली सीट पळवायला नवी टॅक्सी आली, असंच त्यांना वाटेल, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

आता ‘अपडाऊन’. माझ्या कानाला हे नाव गोड लागतं. पॅसेंजरने अपडाऊन करणाऱ्यांत माझी चौदा वर्षं गेली, पत्त्यांचा डाव चाळीसगावपासून भुसावळपर्यंत. पण इथे अडचण उलट बाजूची आहे. हे नाव कुठल्या टॅक्सीसारखं नाही, ते तुमच्या सेवेचं सरळ वर्णन आहे. नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन करणं याला आपल्याकडे अपडाऊनच म्हणतात. मालाचं किंवा सेवेचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाला व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. नोंदणी मिळाली नाही तर उद्या धुळ्याचा कुणी ‘अपडाऊन धुळे’ काढेल आणि तुम्ही त्याला फारसं रोखू शकणार नाही. ‘खान्देश कारपूल’चीही तीच गत. तो तर पाटीवरचा मजकूर झाला, नाव नव्हे.

म्हणजे एकीकडे दुसऱ्याचं नाव, दुसरीकडे कोणाचंच नसलेलं नाव. मधली जागा आहे ती सुचवणाऱ्या शब्दांची. ऐकल्यावर प्रवास सरळ दिसू नये, पण कळल्यावर ‘अरे हो’ म्हणावं. आपल्या भागात असे शब्द पुष्कळ पडले आहेत. मला आधी ‘भरीत’ सुचलं होतं. थंडीत शेतात भरीत पार्टी होते, सगळे वर्गणी काढतात, एक जण वांगी आणतो, एक जण कळण्याच्या भाकरी. खर्च वाटून एकत्र, कारपूलसारखंच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “गाडीचं भरीत झालं म्हणजे काय होतं, माहीत आहे ना?” तो विषय तिथेच मिटला. देवी-देवतांची नावं मात्र सोडूनच द्या. मुक्ताई, सप्तशृंगी, मनुदेवी आधीच शेकडो गाड्यांच्या मागच्या काचेवर आहेत, त्या गर्दीत तुमचं नाव ओळखू येणार नाही.

एक शब्द उदाहरणादाखल शेवटपर्यंत तपासून दाखवतो: ‘सांगड’. सांगड घालणं आपण रोज म्हणतो. पूर्वी नदी उतरायला सुके भोपळे एकत्र बांधायचे, त्या बांधणीलाही सांगड म्हणत. एकट्याला न जमणारा प्रवास जोडून पार करणं, अर्थ बसतो. कारशी सरळ संबंध नाही, त्यामुळे वर्णनाची हरकत येण्याची शक्यता कमी. आता कान. “सांगडने येतो,” “सांगडवर सीट टाकलीय.” ओला, उबर, रॅपिडो, यांपैकी कुणाशी सुरुवात जुळत नाही, शेवट जुळत नाही. फोनवर ‘सांगत येतो’ असं ऐकू येईल का? येऊ शकतं, पण ती गंमत झाली, टॅक्सीशी गल्लत नव्हे.

मग रोमन. इथे मराठी नावं मार खातात. तुम्ही Sangad लिहाल, गिऱ्हाईक Saangad टाइप करेल, हिंदी भाषक Sangar. हे सगळे पर्याय एका कागदावर लिहा, आणि त्याच्या शेजारी कानाला जवळचे शब्दही: Sangat, Sangam, Sanghar. हा कागद पुढच्या पायरीला लागणार आहे.

ती पायरी म्हणजे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध, ipindia.gov.in वरून. तो फुकट आहे. तिथे शोधाचे प्रकार दिसतात, त्यात Wordmark आणि Phonetic हे दोन तुमच्या कामाचे. बहुतेक जण Wordmark मध्ये आपलं नाव हुबेहूब टाकतात, काही येत नाही, आणि ‘मोकळं आहे’ म्हणून उड्या मारतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने डबा पोचवायच्या सेवेचं नाव असंच ठरवलं होतं. हुबेहूब नाव कुणाचं नव्हतं. एका अक्षराने वेगळं, उच्चाराला सारखं असं नाव एका जुन्या कंपनीकडे होतं. वकिलाची नोटीस आली तेव्हा तीस दुचाक्यांवर स्टिकर लागलेले होते. स्टिकर खरवडताना पेट्रोलच्या टाक्यांचा रंगही गेला, मुलांनी वेगळी भरपाई मागितली. म्हणून Phonetic मध्ये शोधा, आणि Wordmark मध्ये Contains निवडून नावाचा गाभा टाका, ‘Sang’ सारखा. शोध एका वेळी एकाच वर्गात होतो. तेव्हा तुमच्या कागदावरचा प्रत्येक पर्याय वर्ग ९ मध्ये, वर्ग ३९ मध्ये आणि सॉफ्टवेअर सेवांच्या वर्ग ४२ मध्ये टाका. दीड-दोन तासांचं काम आहे.

जे निकाल येतील त्यांची सद्यस्थिती वाचायला शिका. Registered म्हणजे नोंदलेलं. Objected किंवा Opposed म्हणजे वाद चालू आहे, पण अर्ज जिवंत आहे आणि तो तुमच्या आधीचा आहे. Abandoned किंवा Refused दिसलं की लोक खूश होतात. घाई करू नका. अर्ज सोडून दिला म्हणजे धंदा सोडून दिला असं नाही. नोंदणी नसतानाही जो आधीपासून नाव वापरतोय आणि ज्याची बाजारात ओळख आहे, तो दुसऱ्याला त्या नावावर धंदा करू नको म्हणून कोर्टात जाऊ शकतो. त्यामुळे तो अर्ज उघडा, अर्जदार कोण, कुठल्या मालासाठी, नाव कधीपासून वापरात असल्याचं लिहिलंय, हे बघा, आणि मग त्या नावाने फोनवर, प्ले स्टोअरवर, नकाशावर शोधा.

न नोंदलेल्या नावांसाठी शोधयंत्र पुरत नाही, पायच लागतात. एका रविवारी जळगाव स्टेशनबाहेर, भुसावळला बसस्टँडवर आणि महामार्गावरच्या दोन-तीन पंपांवर उभे राहा. गाड्यांच्या काचा, ट्रॅव्हल्सच्या पाट्या, पावतीपुस्तकं, तिकिटांवरचे शिक्के बघा. गावातल्या ट्रॅव्हलवाल्याचं नाव नोंदलेलं नसेल, ॲप तर नसेलच, पण वीस वर्षांपासून जळगावात त्या नावाने गाडी बुक होते. त्याच्याशी साम्य असलेलं नाव मुंबईच्या कंपनीच्या नावाइतकंच धोक्याचं, वर पंचक्रोशीत रोज तोंड दाखवायचं.

‘सांगड’ या सगळ्यातून पार पडेल की नाही ते तुमच्या शोधात कळेल. नाही पडलं तर दुसरा शब्द घ्या आणि पुन्हा ‘ने, ची, वर’पासून सुरुवात करा. निदान तीन नावं हाताशी ठेवा. एकाच नावाच्या प्रेमात पडलेला माणूस शोधाचे निकाल आपल्या सोयीने वाचतो, हे तुमच्या ‘ओलावा’वरूनच दिसतं.

नाव निघालं की अर्ज TM-A या नमुन्यात, ऑनलाइन. महाराष्ट्राचं काम मुंबई कार्यालयाकडे येतं. अर्ज व्यक्तीच्या नावे असेल तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, म्हणजे ९ आणि ३९ मिळून ९,०००. भागीदारी फर्म काढून तिच्या नावे केलात आणि लघुउद्योग किंवा स्टार्टअप म्हणून सवलतीचा कागद जोडला नाही, तर तेच प्रत्येक वर्गाला ९,००० होतात. उद्यम नोंदणी आधी करून घ्या. देवनागरी शब्द असेल तर त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जात नीट लिहा. परीक्षक उच्चार आणि अर्थ दोन्ही त्यावरूनच तोलतो. परीक्षण अहवालात हरकत आली तर उत्तराला एक महिना मिळतो. पुढे नाव व्यापारचिन्ह पत्रिकेत छापून आलं की ४ महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. तोवर गप्प बसायचं नसतं, नाव वापरता येतं, पण मोठा खर्च जपून करा.

तांत्रिक बाजूची एक गोष्ट तुमच्या मित्रासाठी. अँड्रॉइड ॲपचा applicationId एकदा प्ले स्टोअरवर प्रकाशित झाल्यावर बदलता येत नाही. नाव पक्कं होण्याआधी चाचणी आवृत्ती टाकायचीच असेल तर त्यात ‘olava’ घालू नका. तटस्थ काहीतरी ठेवा, उदाहरणार्थ:

```
applicationId "in.jlgbsl.pool"
```

वरचं दिसणारं नाव नंतर बदलता येतं, आणि त्याला प्ले स्टोअरवर ३० अक्षरांची मर्यादा आहे. तिथे नावापुढे थोडं वर्णन चालतं, `Sangad: Office Carpool` इतकं बसतं. वर्णनाच्या मजकुरात ‘ओला-उबरपेक्षा स्वस्त’ हे वाक्य लिहायचा मोह तुम्हाला होणार, मला माहीत आहे. दुसऱ्याचं नाव आपल्या जाहिरातीत घालून सगळी तपासणी पाण्यात घालू नका. ‘भुसावळ ते एमआयडीसी, २५ किलोमीटरच्या आसपास, पेट्रोल चौघांत’ एवढंच लिहा. त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला बाकीचं कळतं.

बॅनर परीक्षण अहवाल येईपर्यंत थांबला तर बरं. ऑफिसच्या फलकावर एक ए-फोर कागद लावायला मात्र हरकत नाही, तो फाडायला खर्च येत नाही.